तोकिएचा समुद्रघोडा

इसोउरा गावात वादळाची गोष्ट सांगायची ती तोकिएनंच. कुणी ठराव केला नव्हता. डोंगरावरचं पाणी जसं आपल्याच वाटेनं खाली येतं, तशी ती गोष्ट तिच्याकडे आली होती आणि तिच्याजवळ राहिली होती.

तोकिए साठीची होईपर्यंत कालवं फोडायच्या शेडमध्ये बसली. तिचा हात असा की सुरी शिंपल्याच्या फटीत कधी गेली आणि आतलं मऊ कालव कधी वाडग्यात पडलं, शेजारणीला कळू नये. पण गावाला तिची ओळख त्या हातानं नव्हती, आवाजानं होती. दर सप्टेंबरात, ज्या तारखेला समुद्र गावात शिरला होता त्या तारखेला, ती शाळेच्या मोठ्या दालनात उभी राही. मुलं गुडघे कवटाळून लाकडी जमिनीवर बसत. गावभर खांबांवर जे भोंगे बसवलेत, भूकंप झाला, समुद्र खवळला की इशारा देणारे, ते त्या सकाळी तिच्या आवाजासाठी उघडले जात. खाडीत तराफ्यांवर कालवांच्या माळा ओढणारे गडी हात थांबवत. आणि पहिलं वाक्य ठरलेलं असे:

"मी ऐकलेलं सांगत नाही, पोरांनो. पाहिलेलं सांगते."

मग ती सांगे. घरात आजोबा आणि एक लहान मूल. आईबाप पलीकडच्या बंदरात अडकलेले. पाणी दारातून आलं नाही, तातामीच्या चटयांखालून आलं. चटया पाठीवर घेऊन उठावं तसं घर उठलं. आजोबांनी मुलाला खांद्यावर घेतलं आणि कालवांच्या शिंपल्यांचा जो घराएवढा ढीग होता त्याच्यावर नेऊन उतरवलं. म्हणाले, चढ, मागे बघू नकोस. पाय अनवाणी. शिंपल्यांनी तळवे चिरले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. आणि तेवढ्यात वर मंदिराची घंटा वाजली. त्या आवाजाच्या रोखानं मूल चढत गेलं. आजोबा शेजारच्या म्हातारीला आणायला वळले होते. ते परत आले नाहीत.

"ते मूल मी," तोकिए म्हणे.

तिच्या गोष्टीमुळे गावात रीतच पडली होती. सहावीतली पोरं आधीच वर जाऊन थांबलेली असत, गोष्ट संपली की ती मंदिराची घंटा वाजवत, आणि सगळी शाळा रांगेनं टेकडी चढे. तोकिएला याचा अभिमान होता. का नसावा? दुसऱ्या गावातली माणसं दगडावर बुडालेल्यांची नावं कोरतात. तिनं पोरांच्या पायांत वाट कोरली होती.

अशा बाईला पुस्तकानं हलवलं.

पुस्तकाचा नाद लागला तो सावामुळे. सावा तिची शेडमधली मैत्रीण. सावाचा नवरा घरचा रस्ता विसरायला लागला, तेव्हा ती नुकुईच्या पुस्तकाच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "आम्हांला कळेल असं काहीतरी दे. डॉक्टर बोलतो ते माझ्या डोक्यावरून जातं, आणि नवऱ्याच्या तर डोक्यातच राहत नाही." नुकुई हसला नाही. त्यानं मेंदूवरचं एक पातळसं पुस्तक काढून दिलं, साध्या माणसांसाठी लिहिलेलं. ते दोघींनी वाचलं. मग दुसरं. मग नुकुईनं दुकानाच्या माडीवर मंडळच सुरू केलं. मासळीचा लिलाव बंद असतो त्या दुपारी चार-पाच माणसं जमायची: नुकुई, सावा, तोकिए, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक तोदो सर, आणि कधी कोणी. शाळेतल्या तोकिएच्या कार्यक्रमाची व्यवस्था अजूनही तोदो सरच बघत.

मंडळाचा नियम सोपा आणि जाचक होता. पुस्तकाची प्रकरणं वाटून घ्यायची, तीही चिठ्ठीनं. नुकुई पेल्यात लाकडी काड्या ठेवायचा, टोकाला रंग लावलेल्या. जी काडी हाती येईल ते प्रकरण आपलं. ते पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत सांगायचं, आणि उदाहरण पुस्तकातलं चालायचं नाही. स्वतःच्या घरातलं हवं.

त्या उन्हाळ्यात जे पुस्तक चाललं होतं त्याच्यावर समुद्रघोड्याचं चित्र होतं. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, एक वाकडा भाग असतो. आठवणी घडवायचं काम त्याचं. तो समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून नावही तेच पडलं. इसोउराच्या माणसांना याचं भारी कौतुक. जाळ्यात समुद्रघोडे यायचेच.

सावाला स्वप्नांचं प्रकरण आलं होतं. ती म्हणाली, "ऐका. झोपेत एक वेळ अशी येते की पापण्यांखाली डोळे भिरभिरतात, हातपाय मात्र लुळे. तेव्हा मेंदूतला चित्रं दाखवणारा भाग जागा असतो, भीती-माया वाटायचा भागसुद्धा जोरात असतो. आणि कपाळामागे जो बसलाय ना, 'हे खरं कसं असेल' म्हणून विचारणारा, तो पेंगत असतो. म्हणून काल माझा नवरा स्वप्नात बोनितो मासा होता आणि मी त्याला जेवायला वाढत होते, तरी मला काही नवल वाटलं नाही."

"जागेपणीसुद्धा नवल वाटलं नसतं," नुकुई म्हणाला.

"तुझ्या बायकोला विचार ती जागेपणी काय बघते ते."

सगळे हसले. मग तोकिएनं काडी ओढली. टोक निळं. आठवणींचं प्रकरण.

"हे तर तुमच्यासाठीच लिहिलंय, तोकिएसान," तोदो सर म्हणाले. "आमच्या गावाची आठवण म्हणजे तुम्ही."

तोकिएनं पुस्तक छातीशी धरलं, जसं पारितोषिक धरावं.

तिनं ते सावकाश वाचलं, पेन्सिल हातात घेऊन. आठवण पेटीत ठेवलेल्या वस्तूसारखी नसते, पुस्तक म्हणत होतं. दृश्य एकीकडे, वास दुसरीकडे, आवाज तिसरीकडे असं ते मेंदूभर विखुरलेलं असतं, आणि समुद्रघोडा त्यांना एकत्र बांधतो. आठवायचं म्हणजे ते तुकडे पुन्हा गोळा करून पुन्हा बांधायचे. उंदीर दिवसा चक्रव्यूहातून धावतो, आणि तो झोपला की त्याच्या समुद्रघोड्यातल्या पेशी त्याच क्रमानं पुन्हा पेटतात, घाईघाईनं, जणू तो झोपेत पुन्हा त्या वाटा धावतोय. इथवर तोकिएला फार आवडलं. शिंपले ओवायचं कामच की ते.

पुढचं तिला तेवढं आवडलं नाही. आठवण बाहेर काढली की कधीकधी ती थोडा वेळ ओल्या मातीसारखी होते, आणि पुन्हा वाळायच्या आत तिच्यावर नवा ठसा उमटू शकतो. उंदरांना आधी एका आवाजाची भीती लावली, मग तो आवाज ऐकवून भीती आठवायला लावली आणि लगेच मेंदूत असं औषध सोडलं की पेशींना नवं बांधकाम करता येऊ नये. पुढच्या वेळी त्याच आवाजाला ते फारसे दचकले नाहीत. माणसाचं सगळंच असं होतं असं नाही, पुस्तकानं बजावलं होतं. पण माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट खरी होती. जे कळलं ते राहतं, आणि ते कुठून कळलं हे पुसलं जातं. पाहिलेलं की ऐकलेलं, हा शिक्का सगळ्यात आधी उडतो. लहान मुलांचा तर फारच. भावंडांमध्ये तर असंही होतं की एकच आठवण दोघंही आपली म्हणून सांगतात, आणि दोघांनाही पुरी खात्री असते. खात्री असणं हा खरेपणाचा पुरावा नव्हे.

शेवटी वाचणाऱ्यांसाठी एक प्रयोग होता: जुना प्रसंग निवडा. तिथे असलेल्या दुसऱ्या माणसाला विचारा. स्वतः काही सांगू नका. मग पडताळा.

तोकिए मनाशी हसली. उदाहरण मिळालं. लोकांच्या आठवणी वाऱ्यावर हलतात, पण काही आठवणी खांबासारख्या असतात, हे दाखवून देऊ. आणि वादळाच्या दिवसांतलं विचारायचं तर गावात आता माणूस एकच उरला होता. तिचा भाऊ, एइजी.

एइजी तिच्याहून चार वर्षांनी मोठा. बोलायचा कमी. खाडीच्या टोकाला त्याची शेड होती. तोकिए गेली तेव्हा तो तारेत शिंपले ओवत बसला होता. त्यांवर कालवांचं बी धरतं. ती सकाळ लख्ख होती. तिनं उकडलेली रताळी त्याच्यापुढे ठेवली.

"काय गं, पुस्तकवाली? आज इकडे?"

"दादा, एक विचारायचंय. मी मध्ये बोलणार नाही. त्या वादळाच्या रात्रीचं तुला काय आठवतं?"

एइजीचा हात थांबला. "दर वर्षी भोंग्यावर सांगतेसच की. मला कशाला विचारतेस? शेडमध्ये बसून ऐकतो मी."

"मी काय सांगते ते नको. तुला काय आठवतं?"

त्यानं तार मांडीवर ठेवली. मग असा बोलायला लागला, जसं कुणी खोल पाण्यातून दोर ओढतंय.

"घरात आजोबा आणि मी. पाणी चटयांखालून आलं. आजोबांच्या अंगाला तंबाखूचा वास होता, ओल्या तंबाखूचा. त्यांनी मला शिंपल्यांच्या ढिगावर टाकलं. म्हणाले, चढ. मागे बघू नकोस. मी बघितलं मागे."

तोकिएला आधी वाटलं, दादा चेष्टा करतोय. मग वाटलं, म्हातारा झाला, घोटाळा करतोय. बोलणार नाही म्हटलेली बाई बोललीच.

"दादा, ती मी होते! तू मामाकडे होतास, डोंगरावर!"

"मामाकडे तू होतीस." त्याचा आवाज चढला नाही. "तुला कांजिण्या झाल्या होत्या. आई तुला चार दिवस आधी सोडून आली होती."

"खोटं!"

"असेल. पण पाय माझे आहेत."

त्यानं रबरी बूट काढला, मोजा काढला आणि तळवा वर केला. टाचेपासून चवड्यापर्यंत पांढरे वण होते, खेकड्यानं वाळूवर चालून जावं तसे. एक वण तर बोटाला लागावा इतका खोल. तोकिएनं आयुष्यात तो तळवा पाहिला नव्हता. भावाचे तळवे कोण बघतं?

"तुझे बघू," एइजी म्हणाला.

तिनं पाय आत ओढून घेतले.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू लहान होतीस. मामाकडून परत आलीस, तर घर नाही, आजोबा नाहीत. गोधडीत शिरलीस की रोज विचारायचीस, मग काय झालं? मी सांगायचो. पुन्हा पुन्हा तेच. एकदा मी थांबलो, तर पुढचं तूच म्हणालीस, माझ्या आधी. शिंपले पायाला कसे लागले ते. त्या दिवसापासून मला सांगावं लागलं नाही." त्यानं मोजा चढवला. "मोठी झालीस, शाळेत सांगायला लागलीस. मला हलकं वाटलं. ओझं कुणीतरी उचललं होतं. मी कशाला म्हणू, परत दे?"

तोकिए उठली. रताळी तशीच राहिली. तिच्या पाठीमागून एइजी म्हणाला, जसं काही हे वेगळं बोलणं आहे, "आणि ती घंटा वाजली म्हणून वाचलो. नाहीतर मागे वळलोच होतो मी, आजोबांकडे."

तिनं ऐकलं, पण तेव्हा तिच्या कानांत समुद्र होता.

घरी येऊन तिनं न्हाणीघरात स्टुलावर बसून पाय धुतले. हातआरसा घेतला. पाहिलं. तळवे गुळगुळीत होते. कालवं फोडणाऱ्या बाईचे हात फाटलेले होते, बोटं वाकलेली होती, पण पायांचे तळवे लहान पोरासारखे. तिनं हजारदा पाय धुतले होते. हजारदा म्हटलं होतं, शिंपल्यांनी माझे तळवे चिरले. आणि एकदाही मान वाकवून पाहिलं नव्हतं.

ती बसून राहिली. पाणी निवत गेलं. मग, न बोलावता, दुसरंच काही आलं. अंगाला पांढरं काहीतरी फासलेलं. खाज. मामी हात धरून ठेवतेय, खाजवू नको. छपरावर वाऱ्याचा आवाज, आणि मोठी माणसं खिडकीशी उभी. ही आठवण तिच्याकडे कायम होती. ती कुठल्या तरी दुसऱ्या शरद ऋतूतली, असं समजून तिनं ती बाजूला ठेवून दिली होती. आणि शिंपल्यांच्या ढिगावरचं ते मूल? तिला ते मागून दिसत होतं. त्या मुलाच्या डोळ्यांतून तो ढीग तिला कधीच दिसला नव्हता. पुस्तक म्हणत होतं, खऱ्या आठवणीतसुद्धा माणूस स्वतःला बाहेरून बघू शकतो. त्यावरून काही सिद्ध होत नाही. तोकिएनं त्या वाक्याला घट्ट धरलं. पण तळव्यांपुढे ते वाक्य टिकेना.

मंडळाची दुपार आली. तोकिए आजारी आहे असं कळवू शकली असती. पण आली. अभिमान असलेली माणसं अशीच असतात. हरतानाही वेळेवर येतात. तिनं पुस्तक मिटलं, प्रकरण सांगितलं, सावकाश, एकही गोष्ट न चुकता. समुद्रघोडा, उंदीर, ओली माती, उडालेला शिक्का. आणि मग म्हणाली, "उदाहरण माझ्या घरातलं आहे," आणि भावाकडे झालेलं सगळं सांगितलं. तळव्यांपर्यंत.

 नुकुईच्या हातातला चहाचा पेला अर्ध्यावरच राहिला.

"देवा रे," सावा म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं..."

"खोटं बोलले नाही मी," तोकिए म्हणाली. "मला दिसतं ते. आत्ताही दिसतंय. हीच तर भीती आहे."

तोदो सरांनी चष्मा काढला. "शाळेत नका सांगू हे. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे. मुलं तुमच्यावर विश्वास ठेवून टेकडी चढतात, तोकिएसान. एकदा म्हणाल की मी तिथे नव्हतेच, तर उद्या खरं पाणी आलं आणि एखादं पोर म्हणालं, कशावरून?"

"आणि घंटा?" सावा सहज बोलली. "घंटा तरी खरी ना? ती एइजीनंही ऐकलीच की. म्हणजे गोष्ट खरी. फक्त मूल बदललं."

तोकिएनं सावाकडे पाहिलं. मग खिडकीकडे. खिडकीतून मंदिराचं टोक दिसत होतं.

"सावा," ती म्हणाली, "घंटा कधी आली गं गावात?"



महायुद्धात मंदिराची जुनी घंटा सरकारनं नेली होती, तोफा ओतायला. नंतर कित्येक वर्षं घंटाघर रिकामंच होतं. नवी घंटा आली ती वादळानंतर, मेलेल्यांच्या नावानं वर्गणी काढून. फुलांनी सजवलेल्या गाडीवरून आली. गाडीची लाल-पांढरी दोरी गावातल्या पोरांनी ओढली.

"आपण ओढली होती," सावा पुटपुटली. "तू आणि मी. माझी चप्पल तुटली होती."

"मी ही गोष्ट भोंग्यावर कितीदा ऐकलीय," नुकुई म्हणाला. "एकदाही डोक्यात आलं नाही."

"मग घंटा कुठून आली?" तोदो सरांनी विचारलं.

तोकिएला एक पोर आठवलं, अगदी सुरुवातीच्या वर्षांतलं, दात पडलेलं. त्यानं विचारलं होतं, अंधारात वाट कशी कळली? आणि तिनं म्हटलं होतं, घंटा वाजत होती ना. पुढच्या वर्षी घंटा गोष्टीत होती. त्यानंतर कायमची. की हे पोरसुद्धा आत्ताच तयार झालं? तिला सांगता येईना. पायाखालची जमीन एकदा चटईसारखी उचलली गेली की पाय कशावर ठेवावा?

पण खरी भीती याची नव्हती.

"दादानं ऐकली," ती म्हणाली. "तो म्हणतो, घंटा वाजली म्हणून वाचलो. तिथे तो होता. घंटा नव्हती. ती मी भोंग्यावरून त्याच्या शेडमध्ये पाठवली, वर्षानुवर्षं. त्यानं मला त्याची रात्र दिली. मी त्याला त्या रात्रीत घंटा बसवून परत केली."

 पुस्तकावरचा समुद्रघोडा टेबलावर शेपटी वळवून बसला होता.

पुढच्या दिवसांत तोकिए दोनदा एइजीच्या शेडपर्यंत गेली आणि दोनदा परत आली. काय सांगणार? जिच्यामुळे तू मागे वळला नाहीस, आजोबांना सोडून वर गेलास, ती हाक कुणी दिलीच नव्हती? आपल्या पायांनी गेलास, मुकाट, अंधारात? तिसऱ्यांदा ती आत गेली आणि एवढंच म्हणाली, "दादा, या वर्षी शाळेत ये. तुझ्या नावानं सांगणार आहे."

"माझं नाव कशाला मध्ये?" तो कुरकुरला. पण त्या सकाळी आला. स्वच्छ सदरा घालून, शेवटच्या रांगेमागे, भिंतीला टेकून उभा राहिला. तोदो सर दाराशी हातावर हात ठेवून उभे होते.

तोकिए माईकसमोर आली. भोंगे उघडले. तराफ्यांवर हात थांबले.

"पोरांनो," ती म्हणाली, "मी पाहिलेलं सांगत नाही. माझ्या दादानं पाहिलेलं सांगते. मी तेव्हा कांजिण्यांनी अंथरुणात होते, मामाकडे. इतकी वर्षं मला वाटलं मी तिथे होते. डोक्यात असं होतं. माझंही झालं."

मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मुलं नाही. मुलांना गोष्ट हवी होती. तिनं सांगितली. चटया उठल्या. ओल्या तंबाखूचा वास आला, जो तिच्या गोष्टीत कधीच नव्हता. शिंपल्यांनी तळवे चिरले. "अंधार होता," ती म्हणाली. "काही दिसत नव्हतं. आणि मूल चढत राहिलं."

इथे घंटा यायची. तोकिए थांबली. ती जागा रिकामी सोडून ती पुढे जाणार, तेवढ्यात मागून भिंतीपाशी आवाज आला, खडबडीत, पहिल्यांदाच या दालनात.

"आणि घंटा, तोकिए. घंटा राहिली."

सगळी मुलं वळली. एइजी लाजला, पण थांबला नाही. "घंटा वाजली वर. मी ऐकली. म्हणून चढलो."

पुढच्या रांगेतली एक मुलगी, दोन वेण्यांची, तिनं त्याच्याकडे बघत अगदी सरळ विचारलं, "कोणी वाजवली?"

"कोणी म्हणजे," एइजी म्हणाला, "मंदिराच्या भिक्खूंनी..." आणि अडकला. "भिक्खू तर माझ्या मागून चढले. त्यांच्या पाठीवर कुणी एक म्हातारी होती." तो आठवू लागला, तोकिएला ते दिसत होतं, तो तुकडे गोळा करत होता, एकेक, आणि एक तुकडा कुठेच बसत नव्हता. "घंटाघरात आम्ही सगळे बसलो. भिजलेले. वर..." त्यानं मान वर केली, जसं काही दालनाच्या छताला ते घंटाघर आहे. "वर काही नव्हतं. नुसतं आढं होतं."

त्याचा चेहरा असा झाला की तोकिए माईक सोडून धावली. मुलांमधून, गुडघ्यांवरून वाट काढत. तिनं त्याचा दंड धरला. 

"मग मी कशानं चढलो गं?" त्यानं हळूच विचारलं. "मी त्यांना टाकून कशानं चढलो?"

"आजोबा म्हणाले होते, चढ," तोकिए म्हणाली. "तू त्यांचं ऐकलंस."

वरच्या पोरांना आत काय झालं हे माहीत नव्हतं. भोंगा गप्प झाला, म्हणजे गोष्ट संपली असं त्यांना वाटलं. आणि टेकडीवरून घंटा वाजली. एकदा. मग पुन्हा. दालनातली मुलं सवयीनं उठली, रांगेत लागली, आणि बूट घालून, कुणाचीही वाट न बघता, चढायला निघाली.

भाऊ-बहीण सगळ्यांत मागे राहिले. एइजीचा पाय जड पडत होता. पायऱ्यांच्या मध्यावर तो थांबला, कान देऊन. घंटेचा आवाज खाडीवर पसरत होता.

"हीच," तो म्हणाला. "हीच ऐकली होती मी."

 तिनं त्याचा दंड सोडला नाही, आणि दोघं चढत राहिली. मागे कुणीच बघितलं नाही.